काट्यावर विचारलेले प्रश्न

पांढरकवड्यात बसून मराठीत ब्लॉग लिहायचा म्हटलं तर विषयांना तोटा नाही. टिपेश्वरचं अभयारण्य जवळच आहे. तिथला एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोचला होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे धावायची, तिच्या आठवणी प्रत्येक घरात निघतात. केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत, वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं तर गल्लोगल्ली आहेत. मी या भागातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कार्यालयात काट्याच्या पावत्या लिहिते. लिहायची आवड पहिल्यापासून होती आणि वाचणारे म्हणाल तर नात्यातले, शाळेतल्या मैत्रिणी आणि बचत गटातल्या बाया, एवढेच. एवढ्या लोकांसाठी कशावर लिहावं, हे ठरवण्यात माझे बरेच दिवस गेले. पण ते दिवस मला वाया गेलेले वाटत नाहीत, कारण पुढचं सगळं त्या ठरवण्यावरच उभं राहिलं.

प्रत्येक विषयाला मी एकच प्रश्न लावला. हे वाचणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो का, आणि वाचून झाल्यावर तो उद्या काय करणार आहे? टिपेश्वरबद्दल वाचणारा माणूस नागपुरात, पुण्यात किंवा हैदराबादेत असतो. त्याला सफारीचं बुकिंग, फाटक, राहायची सोय एवढंच हवं असतं, आणि ते त्याला वन विभागाच्या संकेतस्थळावर आणि रिसॉर्टवाल्यांकडे मिळतं. शकुंतलेवर माझ्याकडे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं चार-पाच लेखांचं साहित्य होतं. चार-पाच लेखांनी पुस्तिका होते, ब्लॉग होत नाही. स्पर्धा परीक्षेसाठी मोठ्या शहरांतले क्लासवाले माणसं नेमून रोज मजकूर टाकतात. तिथे मी एकटी रात्री जेवणं आटोपल्यावर काय पुरणार?

मग सगळ्यांना सुचतं तेच मलाही सुचलं, ते म्हणजे शेती. पण शेती हा विषय नव्हे, तो आमचा सगळा मुलूखच आहे. या एका शब्दाखाली अ‍ॅग्रोवनसारखं दैनिक आहे, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कोणी काही शोधलं तर आधी त्यांची पानं येणार, आणि तेच योग्य आहे. शिवाय माझ्या पानावर आलेल्या माणसाला हेही कळणार नाही, की ही बाई नाशिकच्या कांद्याबद्दल बोलते आहे, कोल्हापूरच्या उसाबद्दल की आमच्या पऱ्हाटीबद्दल.

शेतीतून कापूस उचलला, तरी तो अजून मोठाच होता. बियाणं, लागवड, फवारणी, गुलाबी बोंडअळी, बाजारभाव, सगळं त्यात येतं. यातली फवारणी मी पहिल्यांदा बाजूला काढली. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. कोणतं औषध किती घ्यावं हे सांगायला त्या विषयाचं शिक्षण लागतं, आणि माझ्याकडे ते नाही. ज्या गोष्टीत चुकीच्या ओळीने माणूस जाऊ शकतो ती गोष्ट हौशी लेखकाने घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे, मग त्यावर कितीही वाचक मिळोत. बाजारभाव बाजूला काढला तो वेगळ्या कारणासाठी. आजचा भाव संध्याकाळी शिळा होतो, आणि तो सकाळीच चार व्हॉट्सअ‍ॅप गटांवर येऊन पडलेला असतो. नव्या लेखकाला असा विषय हवा, की आज लिहिलेलं पान पुढच्या हंगामातही थोड्या दुरुस्तीने चालेल.

उरला तो फाटकापासून बँकेपर्यंतचा भाग. कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकात शिरते तिथपासून पैसे खात्यात पडेपर्यंत शेतकऱ्याचं काय काय होतं, हे मी रोज पाहते. हा माझा कोपरा आहे हे मला सुचलं ते टेबलावरच्या वहीमुळे. काट्यावर लोक जे विचारतात ते मी त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट उतरवून ठेवायला लागले होते. “ताई, माहा कापूस वल्ला हाय म्हणते, पैसे किती कापन?” “सातबाऱ्यावर पऱ्हाटी लागली नाई, आता इथं घेईन का नाई?” “पैसे कोन्त्या खात्यात येईन?” “शेवटच्या येच्याचा वेगळा आना लागते का?” हंगाम निम्म्यावर आला तेव्हा वहीच सांगायला लागली. प्रश्न शेकड्यांनी होते, पण त्यांचे प्रकार मोजके होते, आणि त्यात ओलावा सगळ्यांच्या वर होता.

नव्याने लिहिणाऱ्याला कोणी विचारलं, तर मी ही वहीच पुढे करते. विषय डोक्यातून काढायचा नाही, तो विचारणाऱ्याच्या तोंडून घ्यायचा. आशा ताईला तिचे प्रश्न येतात, सेतू केंद्रावर बसणाऱ्याला त्याचे येतात, पंक्चर काढणाऱ्यालाही येतात. एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांची माणसं पुन्हा पुन्हा विचारत असतील आणि त्याचं उत्तर तुम्हाला कोणाला न विचारता देता येत असेल, तर तिथे एक लेख आहे. असे वीसेक लेख वहीत सापडले तर तो ब्लॉगचा विषय होऊ शकतो. सातव्या-आठव्या मथळ्यालाच डोकं खाजवावं लागलं, तर विषय फार अरुंद आहे किंवा तो आपला नाही.

पण विषय मिळाला म्हणजे लेख मिळाला असं नाही. ओलाव्यावर आधी कोणी लिहिलं नव्हतं थोडंच! मी फोनवर लोकांच्या शब्दांत शोधून पाहिलं. सगळंच आपल्याला हवं तसं दिसू नये, म्हणून स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या फोनवरही शोधलं. शोधपट्टीत दोन शब्द टाकले की खाली जी वाक्यं आपोआप येतात, ती वहीत लिहून घेतली. आमच्याकडचे बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, म्हणून kapus olava kiti asava असंही शोधलं. मग वर आलेली पहिली पाच-सात पानं शेवटपर्यंत वाचली. त्यात बातम्या होत्या, हमीभाव जाहीर झाल्याच्या. भावाचे तक्ते होते. “कापूस चांगला वाळवून आणावा, चांगला भाव मिळतो” असा सल्ला तर सगळीकडे होता. एका गाडीचा हिशोब मात्र कुठेच नव्हता. वहीतला माणूस तोच विचारत होता, पैसे किती कापतील.

तो हिशोब मी मांडला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर दर टक्क्याला भावातून एक टक्का कमी होतो, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. म्हणजे ११ टक्के ओलावा निघाला तर तीन टक्के गेले, २४३ रुपये ३० पैसे. हातात ७,८६६ रुपये ७० पैसे. गाडीत वीस क्विंटल असेल तर १,५७,३३४ रुपये. पूर्ण भावाने १,६२,२०० झाले असते. एवढ्यावर थांबलं तर माणसाला वाटतं, पाच हजार रुपये पाण्यात गेले.

पण मी काट्यावर बसते, म्हणून मला पुढचा प्रश्न सुचला. तोच कापूस घरी वाळवून ८ टक्क्यांवर आणला असता तर तो वीस क्विंटल राहिला असता का? राहिला नसता. पाणी उडालं की वजन उतरतं. वीस क्विंटलमध्ये ११ टक्के पाणी धरलं तर कोरडा माल १७ क्विंटल ८० किलो होतो. तोच माल ८ टक्क्यांवर आला की काट्यावर साधारण १९ क्विंटल ३५ किलो भरतो. त्याला पूर्ण ८,११० चा भाव लावला तरी १,५७,००० रुपयांच्या आसपासच होतात. जवळपास तेवढेच! कपात ही दंडासारखी दिसते, पण ती बहुतेक पाण्याच्या वजनाचीच वजाबाकी आहे. ८ आणि १२ च्या मध्ये वाळवून न वाळवून शेतकऱ्याच्या हातात येणारा पैसा फारसा हलत नाही. खरा मार बसतो तो १२ च्या रेषेवर. १२ च्या वर गेला की केंद्रावरून गाडी परत फिरते, भाड्याचा भुर्दंड पडतो, आणि त्या घाईत तो कापूस खाजगीत सांगेल त्या भावाने जातो.

माझ्या लेखाचा कोन हा होता. “कापूस वाळवा” हे सगळ्यांनी सांगून झालं होतं. “बाराच्या खाली कसा ठेवायचा आणि ते घरीच कसं ओळखायचं” हे कोणी सांगितलेलं नव्हतं. मग बाकीचा लेख आपोआप त्या रेषेभोवती गोळा झाला. सकाळी दवात वेचलेला आणि ऊन चढल्यावर वेचलेला कापूस एका गंजीत घालू नये, कारण मीटर गाडीत दोन-चार ठिकाणी लावतात आणि एखादी जागा ओली निघाली तर सगळ्या गाडीवर शंका येते. घरच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली तर तो कापूस अजून ओला आहे आणि पिवळा पडायला लागेल. वेचून आणलेला कापूस लगेच पोत्यात दाबू नये, ताडपत्रीवर पातळ पसरावा, वर-खाली करावा. सरकी दाताखाली धरून पाहायची जुनी पद्धत आहे: कोरड्या सरकीचा कट्‌ असा आवाज येतो, ओली सरकी नुसती दबते. मीटरइतकं ते नेमकं नाही, हेही मी तिथेच लिहिलं.

मथळा ठरवतानाही वहीच उघडली. “कापसातील आर्द्रतेचे व्यवस्थापन” असा मथळा वाचून माझी मावशी पुढे गेलीच नसती. मी लिहिलं, “कापूस १२ च्या वर निघाला तर? वीस क्विंटलचा हिशोब”. ज्याला तो प्रश्न पडला आहे त्याचं बोट तिथे थांबतं, आणि ज्याला पडलेला नाही त्याचा वेळ जात नाही. वाचक थोडे असतात तेव्हा दुसरी गोष्टही पहिल्याइतकीच महत्त्वाची असते. दोनदा उगाच बोलावलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि आपल्याकडे माणसंच मोजकी.

लेख टाकायच्या आधी त्यातल्या चार ओळी मी बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्या. ही चाचणी मी अजूनही करते. “छान माहिती” असं आलं तर मी त्या विषयाला थोडं थांबवते. उलट प्रश्न आला, किंवा कोणी ते स्वतःच्या भावाला पाठवलं, तर लिहायला बसते. ओलाव्याच्या त्या चार ओळींवर मारेगावकडच्या एकाने विचारलं, “आन खाजगीवाला किती कापते?” त्याच्या प्रश्नातून पुढचा लेख निघाला. खाजगी व्यापाऱ्याकडे असा ठरलेला तक्ता नसतो, तिथे भाव आणि कपात दोन्ही बोलण्यावर असतात. म्हणून गाडी उभी करायच्या आधी कोणत्या पाच गोष्टी बोलून घ्याव्यात, एवढंच त्यात लिहिलं.

पुढचे महिने आकडे बघण्यात गेले असते तर माझा धीर सुटला असता. नव्या ब्लॉगवर बरेच आठवडे काही हलत नाही. मी गुगलच्या Search Console मध्ये दोनच गोष्टी पाहते: आपलं पान किती वेळा लोकांसमोर आलं, आणि कोणत्या शब्दांवर आलं. पान कोणासमोर येतच नसेल, तर एक तर गुगलने ते अजून नोंदवलेलं नाही किंवा त्या शब्दांत कोणी शोधत नाही. पान समोर येतंय पण कोणी उघडत नाही, तर बहुतेकदा मथळा उत्तर देईल असं वाटत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि पहिल्यासाठी मथळे बदलत बसून उपयोग नाही. शब्द किती जण शोधतात हे सांगणारी साधनं आमच्यासारख्या प्रश्नांना बहुधा शून्य दाखवतात किंवा पुरेशी माहिती नाही म्हणतात. त्या शून्याला मी मानत नाही. माझ्या वहीत त्याच शब्दांत विचारणारी माणसं आहेत, फाटकात गाडी लावून उभी.

Search Console मधल्या शब्दांच्या यादीतूनच मला कळलं, की विषयाची हद्द कुठे आखायची. काही पानांवर आदिलाबादच्या बाजारासाठी शोधणारे लोक येत होते. पाटणबोरीच्या पुढे तेलंगण लागतं आणि आमच्याकडचे शेतकरी भाव पाहून तिकडेही जातात. म्हणजे हा तालुक्याचा ब्लॉग जिल्ह्याच्या सीमेवर थांबणार नव्हता, कापसाची गाडी जाते तिथपर्यंत तो जाणार होता. उलट यवतमाळ जिल्ह्यातलं असूनही पुसद-उमरखेडकडचं ऊस आणि हळदीचं मी काही घेतलं नाही. जिल्हा एकच असला तरी माझा काटा वेगळा.

अरुंद विषयाची एक खरी अडचण आहे. कापसाची आवक दिवाळीच्या सुमाराला सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ओसरते. एरवी काय लिहायचं? मी वहीवर वर्ष आखलं. मे महिन्यात बियाण्याच्या पाकिटावर काय छापलेलं असतं ते. बीटी कपाशीचं पाकीट ४७५ ग्रॅमचं असतं आणि त्यात थोडं बिगर-बीटी बी मिसळलेलं असतं, हे फार जणांना माहीत नाही. पाऊसकाळात ई-पीक पाहणी, कारण तेव्हा सातबाऱ्यावर कपाशी नोंदवली नाही तर विकायच्या वेळी नोंदणीला अडतं. २०२५ पासून सीसीआयला कापूस द्यायला आधी ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी लागते, आणि काट्यावर येऊन सातबारा शोधणाऱ्याचा रडवेला चेहरा मला नको वाटतो. लिहिण्याची तारीख मात्र कामाच्या तारखेच्या आधी महिनाभर धरते. नव्या ब्लॉगचं पान शोधात वर यायला वेळ लागतो, आणि ऑगस्टचं काम ऑगस्टात सांगितलं तर ते सप्टेंबरात सापडतं.

प्रत्येक पानावर सगळ्यात वर हंगाम आणि तारीख लिहिते. हमीभाव दर वर्षी बदलतो, अटीही बदलतात. ८,११० चा हिशोब पुढच्या वर्षी कोणी खरा धरून गाडी भरली तर तो माझा दोष होईल. ज्या जिनिंगमध्ये काम करते तिचं नाव, कोणा शेतकऱ्याचं वजन, कोणाला काय भाव मिळाला, हे कधी लिहीत नाही. हिशोबासाठी घेतलेली वीस क्विंटलची गाडी कोणाचीच नसते.

मध्यंतरी वणीकडच्या एका वाचकाने सोयाबीनचं लिहा म्हणून मागे लकडा लावला. त्याचं म्हणणं रास्त आहे, आमच्याकडे सोयाबीनचा पेराही मोठा आहे आणि ओलाव्याची कटकट तिथेही तीच. दोन रात्री मी त्याचे मथळे काढायला बसले. ओलाव्याचा एक निघाला, चाळणीचा एक निघाला, मग पुढे मला दुसऱ्याला विचारून लिहावं लागणार हे दिसलं. सोयाबीन जिनिंगच्या फाटकात येत नाही. त्याचे प्रश्न मी कधी ऐकलेले नाहीत. त्याला मी तसंच कळवलं, आणि बाजार समितीत काट्यावर बसणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला एक वही घेऊन दे, असंही सांगितलं. त्याने घेऊन दिली आहे. पहिल्या पानावर चाळणीचा प्रश्न आहे, आणि तो माझ्या मथळ्यापेक्षा चांगला विचारलेला आहे.